‘नावं बदला, सही करा’ छाप मिनिट्सबद्दल

“कंपनी रजिस्टर झाली की पहिल्या बोर्ड मीटिंगचं टेन्शन घेऊ नका. डायरेक्टर, बँक खातं, ऑफिसचा पत्ता सगळं फॉर्ममध्येच गेलेलं असतं. रेडीमेड फॉरमॅट घ्या, नावं बदला, तारीख टाका, सही करा. छोट्या कंपनीची मिनिट्स कोणी बघत नाही.”

नव्या कंपन्यांना सर्रास मिळणाऱ्या या सल्ल्यातलं दुसरं वाक्य बरंचसं खरं आहे, आणि गंमत अशी की त्याच्यामुळेच तिसरं चुकतं.

आधी डायरेक्टर. कंपनी नोंदणीच्या SPICe+ फॉर्ममध्ये ज्यांची नावं पहिले संचालक म्हणून गेली, ते कंपनी स्थापन झाली त्याच तारखेपासून संचालक असतात. त्यांना बोर्डाने नेमायचं नसतं, फक्त नोंद घ्यायची असते. फिरणाऱ्या फॉरमॅटमध्ये मात्र हमखास लिहिलेलं असतं, ‘खालील व्यक्तींची प्रथम संचालक म्हणून नेमणूक करण्यात येत आहे’. आता ते याच ठरावाने नेमले गेले असतील, तर ठराव मांडला तेव्हा टेबलाभोवती कोण बसलं होतं? मीटिंगला किमान दोन संचालकांचा कोरम लागतो. म्हणजे ही मिनिट्स स्वतःचाच कोरम मोडतात.

संचालकांकडून त्या दिवशी खरोखर घ्यायचा कागद वेगळाच आहे: MBP-1. आपला कुठल्या कंपनीत, भागीदारीत हितसंबंध आहे, हे प्रत्येक संचालकाने संचालक म्हणून ज्या पहिल्या मीटिंगला हजर राहील तिथे सांगायचं असतं. फॉरमॅटमध्ये त्याचा ठराव असतो, फाइलमध्ये कागद नसतो.

मागच्या वर्षी आमच्याकडे कोथरूडच्या एका कंपनीची फाइल आली. तीन मित्र, कंपनी स्थापन ५ ऑगस्टला. फॉर्ममध्ये दोघांचीच नावं, कारण तिसरा तेव्हा नोकरीत होता. फॉरमॅट भरताना कोणीतरी तिघांची नावं ‘प्रथम संचालक’ म्हणून टाकली. तिसऱ्याने व्हिजिटिंग कार्डंही छापून घेतली. त्याचा DIN म्हणजे संचालकाचा ओळख क्रमांक नव्हता, DIR-2 मधली लेखी संमती नव्हती, नेमणूक सरकारला कळवणारा DIR-12 फॉर्म भरलेला नव्हता. त्याला खरंच घ्यायचं होतं तर रस्ता सरळ होता. कंपनीच्या नियमावलीत बोर्डाला तसा अधिकार असेल तर अतिरिक्त संचालक म्हणून ठराव करायचा, त्याआधी DIN आणि संमती घ्यायची, मग ३० दिवसांत DIR-12. असा संचालक पुढच्या वार्षिक सभेपर्यंतच असतो, तिथे भागधारकांनी त्याला कायम करावं लागतं.

हे उघडकीला आलं ते बँकेत. फॉर्मसोबत खात्याचा अर्ज जातो हे बरोबर, पण खातं कोण चालवणार हे बँकेला फॉर्म सांगत नाही, बोर्डाचा ठराव सांगतो. बँकेने MCA म्हणजे केंद्राच्या कंपनी मंत्रालयाच्या साइटवरची नावं काढली, तिथे दोन. ठरावात ‘संचालक’ म्हणून तीन. कागद परत. (सही करणारा संचालकच असावा असं नाही, कर्मचारीही चालतो. पण जो संचालक नाही त्याला ठरावात संचालक म्हणून दाखवलेलं चालत नाही.)

त्याच ठरावात आणखी एक वाक्य होतं, जे तिघांपैकी एकानेही वाचलेलं नव्हतं: ‘संयुक्तपणे किंवा स्वतंत्रपणे’. म्हणजे कोणीही एकटा चेक फाडू शकतो, कितीही रकमेचा. त्यांच्या तोंडी ठरलेलं होतं की दोघांच्या सह्या लागतील. मी त्यांना विचारलं, “मग लिहिलंत का नाही?” उत्तर आलं, “मॅडम, ते आधीपासूनच टाइप केलेलं होतं.” बँक ठराव पाहते, मनातलं पाहत नाही. आम्ही नव्याने लिहिलं: २५ हजारांपर्यंत कोणाही एकाची सही, त्यावर दोघांची. एवढ्या एका ओळीसाठी तासभर वाद झाला, आणि तो व्हायलाच हवा होता.

खात्याची दुसरी बाजू पैशांची. भांडवल एक लाख, दोघांचे पन्नास-पन्नास हजार. ज्याने जेवढे शेअर घ्यायचं कबूल केलं, त्याचे पैसे कंपनीच्या खात्यात यायला हवेत आणि स्टेटमेंटवर ते दिसायला हवेत, कारण धंदा सुरू करण्याआधी द्यायच्या INC-20A या घोषणापत्रासोबत तेच जोडायचं असतं. मुदत स्थापनेपासून १८० दिवस, यांच्यासाठी १ फेब्रुवारी. तोवर धंदा सुरू करता येत नाही, कर्जही काढता येत नाही. चुकलं तर कंपनीला ५० हजार दंड, शिवाय दोषी अधिकाऱ्याला दिवसाला हजार, कमाल एक लाख. ठराव परत आल्यामुळे खातंच लांबलं, आणि ही मुदत जेमतेम सांभाळली गेली.

ऑफिसचा पत्ता. तोही फॉर्ममध्ये गेला असेल तर पुन्हा ‘नोंद घेतली’ एवढंच. फक्त पत्रव्यवहाराचा पत्ता दिला असेल तर मात्र ३० दिवसांत ऑफिसचा पत्ता कळवणारा INC-22 फॉर्म भरायचा, सोबत घरमालकाचं ना-हरकत पत्र आणि दोन महिन्यांपेक्षा जुनं नसलेलं महावितरणचं बिल. पाटीवर कंपनीचं नाव देवनागरीतही हवं, हे कंपनी कायद्याच्या कलम १२ मध्येच आहे. पाटीचा वाद पेटला की लोकांना ते आठवतं.

पुण्यात खरी फसगत पुढे होते. फॉरमॅटमध्ये एक वाक्य असतं की ऑफिस हलवण्याचा अधिकार बोर्डाला देण्यात येत आहे. कोथरूडहून बालेवाडीला जायचं तर बोर्डाचा ठराव पुरतो, दोन्ही पुणे महापालिकेत. मुळा ओलांडून वाकडला गेलात की पिंपरी-चिंचवड लागलं. रिक्षावाल्याला फरक पडत नाही, कायद्याला पडतो. शहराच्या हद्दीबाहेर जायला भागधारकांचा विशेष ठराव लागतो, तो ठराव सरकारला कळवणारा MGT-14 फॉर्म भरावा लागतो, मग INC-22. बोर्डाने स्वतःला दिलेला अधिकार तिथे कामाचा नाही.

आता तारीख. पहिली मीटिंग स्थापनेपासून ३० दिवसांत, म्हणजे या कंपनीसाठी ४ सप्टेंबरपर्यंत. नोटीस किमान सात दिवस आधी, ईमेलने चालते. मिनिट्स मीटिंगनंतर ३० दिवसांत वहीत यायला हवीत, पानांना क्रमाने नंबर, चिकटवाचिकटवी नाही. या मंडळींनी नंतर कधीतरी बसून २० ऑगस्ट टाकली आणि लिहिलं की दोघेही कोथरूडच्या ऑफिसात हजर होते. त्या दिवशी त्यांच्यातला एक दुबईत होता, पासपोर्टवर शिक्का आहे. तो व्हिडिओ कॉलवर बसला असता तरी कायद्याला मान्य होतं, फक्त मिनिट्समध्ये तसं लिहावं लागतं. शेवटच्या पानावर सहीच्या वर ‘स्थळ: मुंबई’ तसंच राहिलेलं.

हे बघितलं कोणी? आधी बँकेने. मग वर्षभराने पैसे गुंतवायला आलेल्या माणसाच्या वकिलाने. त्याने वही मागितली, २० ऑगस्टचं पान उघडलं आणि पहिला प्रश्न दुबईबद्दल विचारला, कारण प्रवासखर्चाचं बिल कंपनीच्याच हिशेबात होतं.