सौजन्याचा धनी

आज दुपारी एका बाईंनी आमच्या फराळाच्या दुकानाला गुगलवर पाच तारे दिले. सोबत लिहिलं, 'मालक फारच सौजन्यशील.' मालक म्हणजे काका. गल्ल्यावर येईल त्याला ते ही ओळ वाचून दाखवताहेत. ते सौजन्य मी टाइप केलं होतं, हे कुणाच्या गावी नाही.

मूळ तक्रार होती, चकलीला खवट वास येतो. काकांनी खाली ठोकलं होतं, 'चकली ताजी आहे. नाक दाखवून घ्या.' हे एकट्या त्या बाई वाचत नाहीत, दिवाळीची ऑर्डर कुठे द्यावी या विचारात असलेले सगळे वाचतात. मालकाचं उत्तर नंतर बदलता येतं, पण तोवर कुणी स्क्रीनशॉट काढला की ते कायमचंच. म्हणून मी घाईने फोन घेतला आणि तेवढ्यात अण्णा सरसावले.

अण्णा म्हणजे निवृत्त हेडक्लार्क. आमच्या बाकड्यावर फुकटचा पेपर वाचतात.

"लिही. सदर तक्रारदाराने चकलीचे किती नग सेवन केले, हे नमूद केलेले नाही."

"अण्णा, हे गुगलवर जाणार आहे."

"मग प्रत कलेक्टरांना."

मी लिहिलं, 'नमस्कार. चकलीला खवट वास आला हे वाचून वाईट वाटलं. पाकिटावरची तारीख आणि बिलाचा फोटो दुकानाच्या व्हॉट्सॲपवर पाठवाल का? संध्याकाळी सातच्या आत फोन करतो.'

अण्णांनी चष्मा वर केला. "आणि 'परंतु' कुठाय?"

"नाहीये."

"परंतुशिवाय खुलासा? छत्तीस वर्षांच्या नोकरीत पाहिला नाही!"

परंतु आला की त्याच्या आधीची दिलगिरी वाया जाते आणि भांडण चव्हाट्यावर सुरू होतं. मग अण्णा म्हणाले, बाईंचा नंबर तिथंच मागून घे. म्हणजे गावभर तो नंबर! आपला द्यायचा असतो, त्यांचा मागायचा नसतो.

फोटो आला. तारीख ताडून पाहिली, तर तेल बदलायचं राहून गेलेल्या घाण्यातलं पाकीट निघालं. फोन मीच केला, नवीन पाकीट मीच पोचवलं. अण्णांचा सल्ला चालूच होता, अर्धा किलो शेव दे आणि तक्रार काढून टाकायला सांग. असलं आमिष गुगलच्या नियमांत बसत नाही, आणि बाईंनी तेही लिहिलं असतं. तारे त्यांनी आपणहून वाढवले.

या सगळ्याचा मोबदला काय, तर चिवड्याचं एक पाकीट. वर काका म्हणतात, "दोन ओळी तर टाइप केल्यास!" दोनच ओळी ठेवायला किती राग गिळावा लागतो, ते गिळणाऱ्यालाच ठाऊक.

हे लिहीत असतानाच 'शेव मऊ पडली होती' या तक्रारीखाली काकांचं उत्तर झळकलंय, 'दातांना आराम.' त्यांना खात्यातून काढता येतं का, तेही मी पाहिलं. मी नुसती व्यवस्थापक, मुख्य मालक म्हणून नाव त्यांचंच. त्यांना मी काढू शकत नाही, ते मात्र मला कधीही काढू शकतात.