‘मत विचारतो’ आणि ‘निर्णय तुमचा’ यांत फरक आहे

प्रतिक्रिया: “लेख वाचायला छान, पण हे सगळं कागदावरच. आमचे साहेब आज हुकूम सोडतात, उद्या ‘तुम्हीच ठरवा’ म्हणतात आणि परवा आपलंच खरं करतात. त्यांच्या या धरसोडीला तुम्ही शास्त्र म्हणताय. त्यापेक्षा एकच काहीतरी धरा, हुकूमशाही नाहीतर लोकशाही.”

तुमचा राग रास्त आहे. त्या लेखात मी निर्णयांची एक पट्टी मांडली होती: एका टोकाला साहेब एकटेच ठरवतात, दुसऱ्या टोकाला टीम ठरवते, आणि प्रसंग पाहून साहेबांनी तिच्यावर जागा बदलावी. पण तुमचे साहेब पट्टीवर इकडून तिकडे सरकतात, हा दोष मला वाटत नाही. आज कुठे उभे आहेत ते सांगत नाहीत, हा दोष आहे. आणि हे मी फार वरच्या पट्टीत बोलत नाही, कारण नेमकं हेच मीही करून बसलोय.

आठ जणांची तांत्रिक मदतीची टीम होती. रात्री एकाऐवजी दोघं ड्यूटीवर हवेत, असं मी वरिष्ठांना कबूल करून आलो होतो. तरी टीमसमोर गेलो आणि म्हणालो, “रात्रपाळीचं काय करूया? तुम्हीच सांगा.” पाऊण तास चर्चा झाली. लोकांनी मनापासून डोकं लावलं आणि तोडगा काढला: एक जण ऑफिसात, दुसरा घरी फोनवर. मी म्हणालो, “कल्पना चांगली आहे, पण दोघं ऑफिसातच लागतील.” त्यावर कुणी वाद घातला नाही. पुढच्या बैठकीत मात्र मी काहीही विचारलं की एकच उत्तर यायचं, “तुम्ही म्हणाल तसं.” ती संमती नव्हती हे समजायला मला दोन महिने लागले.

रॉबर्ट टॅननबॉम आणि वॉरन श्मिट यांनी 1958 साली ही पट्टी मांडली तेव्हा तिच्यावर सात टप्पे होते. कामापुरते चार लक्षात ठेवले तरी भागतं: सांगणं, पटवणं, विचारणं, सामील होणं. सगळ्यात जास्त गोंधळ शेवटच्या दोघांत होतो. ‘विचारणं’ म्हणजे मत तुमचं, निर्णय माझा. ‘सामील होणं’ म्हणजे मर्यादा मी आधी सांगणार, आणि त्या मर्यादेत टीम जे ठरवेल ते मला नको असलं तरी चालणार. टॅननबॉम आणि श्मिट यांनी तेव्हाच बजावलं होतं की आधीच घेतलेला निर्णय टीमचा आहे असा आव आणू नका, लोकांना ते कळतं. माझ्या टीमला तर पाच मिनिटांत कळलं असावं.

आता तुमचं ‘एकच काहीतरी धरा’. अडचण अशी की रात्रपाळी हा एक निर्णय नव्हताच. सहा महिन्यांनी तीच व्यवस्था बदलायची वेळ आली तेव्हा मी त्याचे तुकडे केले. माणसं दोन, आणि दोघंही ऑफिसात, हे मी सरळ सांगितलं; कारणही दिलं की सर्व्हर बंद पडला तर एकाला यंत्रापाशी जावं लागतं आणि दुसऱ्याला फोन घ्यावे लागतात. इथे मी कुणाचं मत मागितलं नाही. सकाळच्या पाळीला काय लिहून ठेवायचं, यावर सूचना मागितल्या आणि आधीच सांगितलं की नमुना मी ठरवणार. कुणाची रात्र कधी, हे पूर्णपणे त्यांच्यावर सोडलं. अटी दोनच: लागोपाठ दोन आठवडे कुणालाही रात्र नको आणि यादी शुक्रवारपर्यंत हवी.

त्यांनी एकेका जोडीला अख्खा आठवडा सलग रात्र लावली. मी एकआड एक रात्री वाटल्या असत्या. सातव्या रात्री माणूस पेंगतो असं माझं ठाम मत होतं. पण ते यादी आल्यावर सुचलं. आधी सुचलं असतं तर तिसरी अट घातली असती, आणि ती घालण्याचा मला पूर्ण हक्क होता. यादी आल्यानंतर तो हक्क उरला नव्हता, म्हणून यादी तशीच लावली. काही बिघडलं असतं तर वरिष्ठांसमोर मीच उभा राहणार होतो; निर्णय सोपवला म्हणून जबाबदारी सोपवली जात नाही. ज्याला हे झेपणार नाही त्याने ‘विचारणं’ याच टप्प्यावर थांबावं. त्यात कमीपणा नाही.

टप्पा निवडताना मी स्वतःला एकच प्रश्न विचारतो: सगळ्यांनी एकमुखाने ‘नको’ म्हटलं तर मी बदलेन का? उत्तर ‘नाही’ असेल तर बैठक चर्चेची नाही, माहिती देण्याची आहे. ‘कदाचित, कारण पटलं तर’ असेल तर विचारायला जायचं. ‘हो, बदलावंच लागेल’ असेल तरच ‘तुम्ही ठरवा’ हे शब्द तोंडून काढायचे. आणि नुकतेच रुजू झालेले लोक असतील, त्यांना काम पुरतं माहीत नसेल, तर ‘तुम्ही ठरवा’ हे स्वातंत्र्य नसतं, ते ओझं टाकणं असतं. तिथे सांगितलेलं बरं.

तुमच्या साहेबांना हा लेख पाठवू नका, टोमणा वाटेल. पुढच्या वेळी ते ‘तुम्हीच ठरवा’ म्हणाले की चर्चा सुरू होण्याआधी विचारा: “यातलं काय आधीच ठरलंय?” प्रश्न साध्या आवाजात विचारला तर बहुतेक माणसं खरं सांगतात. मला कुणी विचारला असता तर मीही सांगितलं असतं.