केसांचा नोटीस पिरियड

केस गळायला लागले की माणूस सार्वजनिक मालमत्ता होतो. ताप आला तर लोक निदान "डॉक्टरांना दाखवलं का?" असं विचारतात. केसांच्या बाबतीत हा प्रश्न कुणालाच सुचत नाही, कारण उत्तर प्रत्येकाच्या खिशात तयार असतं. शेजारच्या काकूंनी कांद्याचा रस सांगितला. सासूबाईंनी अळिवाचे लाडू आणि वर त्यांच्या माहेरचं तेल. नणंदेने बायोटिनच्या गमीज. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने बीटाचा ज्यूस सुचवला, आणि तो स्वतः पूर्ण टकला असल्यामुळे अनुभवाचे बोल समजावेत की इशारा, हे मला ठरवता येईना.

डिसेंबरात माझी अवस्था अशी होती की मोरीची जाळी रोज साफ करावी लागे, आणि नवरा आमटी वाढून घेण्याआधी पळी उजेडात धरून पाही. तोंडाने काही बोलत नसे. पंचवीस वर्षांच्या संसारात माणूस एवढं शिकतोच.

कांद्याच्या रसाने सुरुवात झाली. त्याने केस थांबले नाहीत, पण लिफ्टमध्ये मला एकटीला जायला मिळू लागलं. नंतर कळलं की कांद्याच्या रसावर एक छोटासा अभ्यास खरंच झालेला आहे, पण तो चाईवर. चाई म्हणजे डोक्यावर गोल, गुळगुळीत चकत्या पडतात तो आजार. माझे केस सगळीकडून सारखेच विरळ होत होते. तो आजार वेगळा, हा वेगळा. कांदा मात्र तोच.

शेवटी त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे गेले. त्यांनी माझ्या डोक्यावरची पन्नास-साठ केसांची एक बट चिमटीत धरून हलकेच ओढली. हातात दहा-बारा केस आले. मी ओशाळले. त्यांनी ते उजेडात धरले (ही सवय माझ्या नवऱ्यालाही आहे) आणि प्रत्येकाच्या टोकाची बारीक पांढरी गाठ दाखवली. मी घाबरून म्हटलं, "मुळापासून उपटले गेले ना हो?" त्या म्हणाल्या, "नाही. मूळ आतच आहे. हा विश्रांतीला गेलेला केस आहे. ओढलेल्या बटीतले दहा टक्क्यांहून जास्त आले म्हणजे गळती चालू आहे, एवढाच याचा अर्थ." मग भांग पाहिला, रुंदावला नव्हता. भांग रुंदावत जातो ती आनुवंशिक गळती. तिथे पालक खा नाहीतर पनीर, केसांना फारसा फरक पडत नाही, औषधंच लागतात.

"सप्टेंबरात काय झालं होतं?" त्यांनी विचारलं.

मला वाटलं, ज्योतिषाकडे आले की काय. सप्टेंबरात मला डेंग्यू झाला होता.

मग त्यांनी जे समजावलं, ते मी बँकेत नोकरी करत असल्यामुळे लगेच पटलं. केस एका दिवसात गळत नाही, आधी राजीनामा देतो. डोक्यावर साधारण लाखभर केस असतात आणि एरवी त्यातले दहा टक्के विश्रांतीत असतात. म्हणून रोज पन्नास ते शंभर गळतात आणि कुणाच्या लक्षात येत नाही. जोराचा ताप, बाळंतपण, मोठं ऑपरेशन किंवा उपाशी राहून झटक्यात उतरवलेलं वजन, असा धक्का बसला की तीस टक्क्यांपर्यंत केस एकाच वेळी काम थांबवतात. पण जात नाहीत. दोन ते तीन महिन्यांचा नोटीस पिरियड पूर्ण करतात आणि मग एकदम निघतात. माझे केस सप्टेंबरात राजीनामे देऊन बसले होते. मी डिसेंबरात शांपू बदलत होते.

गंमत पुढे आहे. धक्का एकदाच बसला असेल तर ही गळती तीन ते सहा महिन्यांत आपोआप थांबते. म्हणजे ती अगदी भरात असताना घाबरून तुम्ही जे काही सुरू कराल, त्याला यश ठरलेलं. माझ्या सोसायटीत प्रत्येकाकडे खात्रीचा उपाय का आहे, हे मला तिथे उमगलं. कुणी खोटं बोलत नाही. सगळ्यांचे केस खरोखरच थांबले होते.

"पण," बाई म्हणाल्या, "नव्या केसांना कच्चा माल आहे का, ते पाहू."

रिपोर्ट आला. हिमोग्लोबिन १२.१, बायकांची मर्यादा १२. फेरिटिन १२, आणि लॅबने छापलेली मर्यादा १० पासून सुरू. दोन्ही आकडे साध्या शाईत, ठळक काहीच नाही. मी निर्धास्त. बाईंनी फेरिटिनभोवती लाल गोल काढला.

हिमोग्लोबिन म्हणजे रक्तात फिरतं लोह आणि फेरिटिन म्हणजे साठ्यातलं. शरीर आधी साठा संपवतं आणि मगच हिमोग्लोबिनला हात लावतं. त्यामुळे साठा तळाला गेला तरी हिमोग्लोबिन काही काळ ऐटीत असतं. फेरिटिन १५ च्या खाली गेलं की साठा रिकामा, असं जागतिक आरोग्य संघटना धरते. लॅबची १० ची मर्यादा म्हणजे नुसती सौजन्याने छापलेली. केसांसाठी किमान ३० ते ४० असावं असं बरेच डॉक्टर मानतात, काही ७० म्हणतात. त्यावर एकमत नाही, हेही बाईंनी सांगितलं. फेरिटिन कमी असूनही गुडघ्यापर्यंत वेण्या मिरवणाऱ्या बायका असतात. आणखी एक मेख म्हणजे ताप किंवा सूज असताना फेरिटिन खोटं वाढतं. मी डेंग्यूत तपासलं असतं तर आकडा झकास आला असता.

सहकाऱ्याचं बीट इथे बाद झालं. माझ्या वयाच्या बाईला भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या हिशेबाने दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह लागतं. शंभर ग्रॅम बीटात एक मिलिग्रॅमही नसतं. ते लाल आहे आणि रक्तही लाल आहे, एवढ्यावर त्याची सगळी कीर्ती उभी आहे. सासूबाईंचे अळीव मात्र पास झाले, लोह आहे त्यांत. पण रिकामा साठा लाडवांनी भरायचा तर केसांआधी कंबर भरेल. लोखंडी कढईला खरे गुण मिळाले. तीत आमसूल किंवा टोमॅटो घातलेली आमटी उकळली की लोह थोडंफार उतरतंच.

तर गोळी आली. एक दिवसाआड, लिंबाच्या सरबताबरोबर. रोज घेतली तर शरीर दुसऱ्या दिवशीच्या गोळीतलं लोह नीट शोषत नाही, म्हणून एक दिवसाआड. कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी. आणि चहा गोळीच्या आधी-नंतर तासभर नाही. इथे माझा आवाज चढला. सकाळी उठल्यावर चहा नाही तर मग उठायचं कशाला? चहातली टॅनिन लोहाला धरून ठेवतात, हे शास्त्र मला मान्य आहे. पण ज्याने ते शोधलं त्याने स्वतः सकाळी काय प्यायलं, तेही कुठेतरी छापायला हवं. गोळीमुळे शौचाचा रंग काळा होईल, घाबरू नका, असंही बाईंनी सांगितलं होतं. नवऱ्याला हे का सांगितलं, ते मला अजून कळलेलं नाही. त्याचा दोन दिवस आमटीवरचा विश्वास आणखी उडाला.

मग प्रथिनं. केस म्हणजे केराटिन, म्हणजे प्रथिनच. ती कमी पडली की शरीर हृदय-यकृताला आधी देतं आणि केसांचा निधी सर्वांत आधी कापतं. वजनाच्या किलोमागे रोज सुमारे ०.८३ ग्रॅम लागतात, म्हणजे माझ्या साठ किलोला पन्नास. मी हिशेब मांडला. सकाळी पोहे, दुपारी दोन पोळ्या, भाजी, भात आणि ज्यातून ताटलीची नक्षी स्पष्ट दिसते असं वरण, संध्याकाळी चहा-बिस्किट, रात्री खिचडी. कसंबसं तीसपर्यंत पोचलं. डेंग्यूत तर मी आठवडाभर साबुदाण्याच्या खिरीवर होते. साबुदाणा म्हणजे निव्वळ स्टार्च. त्यात प्रथिनं शोधणं म्हणजे आमच्या सोसायटीत पार्किंग शोधणं.

उपाय सोपा निघाला. वरण घट्ट, दुपारी वाटीभर मटकीची उसळ, सकाळी दोन अंडी म्हणजे बारा ग्रॅम, रात्री दही. पन्नास झाले. मग उत्साहाने मी शंभरकडे निघाले, तेव्हा बाईंनी थांबवलं. कमतरता भरून काढली की केस येतात, पण गरजेच्या वर खाल्लं म्हणून जास्त येत नाहीत. कोलॅजनच्या पावडरीचंही तेच. पोटात गेल्यावर तिची इतर प्रथिनांसारखीच अमिनो आम्लं होतात, आणि ती डोक्यावरच जातील असा पत्ता त्यांवर लिहिलेला नसतो.

जस्ताबद्दल त्यांनी विचारलं, तोंडाची चव गेलीय का, जखमा लवकर भरत नाहीत का, जुलाब होतात का. नाही म्हटल्यावर गोळी दिली नाही. मोड आणले किंवा आंबवलं की धान्य-कडधान्यातलं जस्त जास्त मिळतं, तेवढं पुरेल म्हणाल्या. उगाच जस्त खात राहिलं तर तांबं कमी होतं आणि त्यातून उलट रक्तक्षय होऊ शकतो.

जास्त झालं तरी बिघडतंच, याचं उदाहरण आपल्याकडचं आहे आणि ते हसण्यावारी नेण्यासारखं नाही. जानेवारी २०२५ मध्ये बुलढाण्यातल्या शेगाव तालुक्यात काही गावांत लोकांना काही दिवसांत टक्कल पडलं. आधी पाण्यावर संशय गेला, शांपूवर गेला. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांच्या तपासणीत रुग्णांच्या शरीरात आणि ते खात असलेल्या गव्हात सेलेनियम फार जास्त आढळलं. हेच सेलेनियम केसांच्या कित्येक गोळ्यांच्या वेष्टनावर मोठ्या अभिमानाने छापलेलं असतं.

राहिल्या नणंदेच्या गमीज. एका गमीत १०,००० मायक्रोग्रॅम बायोटिन. दिवसाची गरज तीस-चाळीस मायक्रोग्रॅमची, आणि ती साध्या जेवणात भागते. बायोटिनची खरी कमतरता फार विरळ. जास्तीचं लघवीवाटे जातं, म्हणजे नणंदेची लघवी आमच्या घराण्यात सर्वांत महाग. पण जाता जाता ते उद्योग करतं. बऱ्याच रक्तचाचण्यांची रचनाच बायोटिनवर चालते, त्यामुळे रक्तात ते फार असलं की आकडे चुकतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१७ मध्येच तशी ताकीद दिली आहे. नणंदेचा थायरॉइडचा रिपोर्ट भलताच वाढलेला आला. घरात रडारड, एंडोक्रिनॉलॉजिस्टची अपॉइंटमेंट. डॉक्टरांनी एकच विचारलं, "केसांसाठी काही घेता का?" गमीज काही दिवस बंद केल्या आणि पुन्हा तपासलं. थायरॉइड ठणठणीत.

मार्चमध्ये माझी गळती थांबली. फेरिटिन ३१ झालं होतं, कपाळावर बोटभर केस अँटेनासारखे उभे. गोळीने झालं का, असं बाईंना विचारलं तर म्हणाल्या, "डेंग्यूची गळती तशीही आत्ताच थांबली असती. गोळी पुढच्या केसांसाठी." मला हा प्रामाणिकपणा आवडला, पण त्याने जागा रिकामी राहिली आणि दावेदार पुढे सरसावले. काकू म्हणतात कांदा. सहकारी म्हणतो बीट. आणि सासूबाईंच्या माहेरचं तेल आता बाटलीत भरून विकलं जातं, व्हॉट्सॲपवर ऑर्डर घेतात. जाहिरातीत डावीकडे माझा डिसेंबरचा फोटो आहे, उजवीकडे मार्चचा. मला घरच्या घरी दहा टक्के सवलत मिळते.