सरपणाच्या ढिगाऱ्यातला बाक

सोबतच्या छायाचित्रातला बाक आज मला पंचगंगेच्या काठच्या आमच्या गावच्या शाळेत, स्वयंपाकघराच्या मागच्या पडवीत, सरपणाच्या ढिगाऱ्याला टेकवून ठेवलेला दिसला. मी पुतणीचा दाखला आणायला गेलो होतो. जुने सामान निर्लेखित करायचे ठरले आहे आणि जडवस्तू नोंदवहीत या बाकापुढे 'मोडका' असा शेरा आहे, असे सांगण्यात आले. मी खाली बसून त्याचे चारही पाय पाहिले आणि राग आवरेना. चारांपैकी एकच पाय खराब झाला आहे, तोही जमिनीलगतचा चार बोटांचा भाग. एवढ्यासाठी अख्खा साग खिचडीच्या चुलीत घालायचा?

चौथीत आम्ही तिघे या बाकावर बसायचो. त्या पावसाळ्यात त्याचा पुढचा सांधा सैल झाला आणि एकाने कोपर टेकले की दुसऱ्याचे अक्षर वाकडे व्हायचे. गुरुजींनी गावातल्या सुतारतात्यांना बोलावले आणि बाक धरून ठेवायला मला उभे केले. मी कुठूनसा एक खिळा शोधून त्यांच्यापुढे धरला, तेव्हा ते म्हणाले, "खिळा नगं लेकरा, त्यो गंजतोय आन् लाकूड आतनं कुजतंय." मग त्यांनी जुनी खुंटी ठोकून बाहेर काढली, आडव्या लाकडाचे कुसू, म्हणजे त्याच्या टोकाची तासलेली जीभ, पायाच्या भोकात पुन्हा घट्ट बसवले आणि चुलीवर टांगून वाळवलेल्या बांबूची नवी खुंटी तासली. खुंटीसाठी पायाला पाडलेले भोक आणि कुसवातले भोक एकमेकांसमोर नेमके येत नव्हते, म्हणून मला वाटले की तात्या चुकले. ती तसूभर चूक त्यांनी मुद्दाम केली होती. खुंटी आत शिरताना कुसवाला आत ओढून घेते आणि सांधा आवळला जातो, शिवाय कोरडा बांबू पावसाळ्यात फुगून आणखी घट्ट धरतो.

आज मी आधी तोच सांधा हलवून पाहिला. तो हलला नाही. पटकन डोळे भरून आले, हे लिहायला मला संकोच वाटत नाही.

कुजलेला पाय मात्र दुसऱ्या बाजूचा आहे. त्याला नंतर कोणीतरी लोखंडी पट्टी लावून चार खिळे मारले आहेत. खिळ्यांभोवती लाकूड काळे पडले आहे, कारण ओलसर सागात लोखंड गंजले की असा काळा डाग पडतो आणि त्याच भोकांतून पाणी आत मुरत राहते. किल्लीचे टोक तिथे बोटभर आत गेले, पण वीतभर वर ते रुतलेसुद्धा नाही. बोटाने वाजवून पाहिले तर सगळीकडे भरीव आवाज आला, म्हणजे वाळवी नाही. खाली ताजा भुसाही सांडलेला नव्हता. ही तपासणी करायला पाच मिनिटे पुरतात आणि शेरा लिहिण्यापूर्वी ती कोणीही केली नाही, याचा मला सर्वांत जास्त संताप आहे.

लोखंडी बाक हलके असतात आणि लहान मुलींनाही ते सरकवता येतात, हे मान्य आहे. पण २०१९ च्या महापुरात वर्गात पाणी शिरले तेव्हा भुशाच्या फळ्यांची नवी मेजे फुगून पुठ्ठ्यासारखी उकलली; हा बाक पडवीत सावलीत वाळवला आणि मुले पुन्हा त्यावर बसली. उन्हात टाकला असता तर फळी तडकली असती, एवढी समज तेव्हा कोणाला तरी होती. ज्या जिल्ह्यात शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले, तिथे शाळेच्या वस्तूकडे सरपण म्हणून पाहिले जावे, हे मला सहन होत नाही.

मुख्याध्यापकांवर माझा राग नाही, त्यांना पाठपुराव्याची कामे काय कमी आहेत! त्यांनी येत्या रविवारपर्यंत बाक ठेवायचे कबूल केले आहे. तात्या आता नाहीत, पण त्यांचा नातू हेच काम करतो आणि तो येणार आहे. कुजलेला भाग चांगले लाकूड लागेपर्यंत कापायचा, उरलेल्या पायाची अर्धी जाडी चार इंच उंचीपर्यंत काढायची, नव्या तुकड्याची तेवढीच काढून दोन्ही एकमेकांवर बसवायचे आणि दोन बांबूच्या खुंट्या ठोकायच्या, असे त्याने सांगितले. नव्या तुकड्याचे रेषे उभे हवेत, आडवे असले तर तो वजनाने फाटेल. तळ जवसाच्या तेलात मुरवायचा, कारण पायाचे कापलेले टोकच फरशीवरचे पाणी सर्वांत जास्त पिते.

तुकडा जुन्या, मुरलेल्या सागाचाच हवा, अडीच इंच जाड आणि फूटभर लांब. कोणाच्या उतरवलेल्या घराची चौकट किंवा तुळई पडून असेल तर शनिवारपर्यंत मला कळवा, मी स्वतः येऊन घेऊन जाईन.