तारीख रोज मागे जाते म्हणजे मदरबोर्ड गेला?

“पीसीची तारीख रोज मागे जात असेल आणि बायोसचं सेटिंग उडत असेल तर मदरबोर्ड गेला समजा. सेल खराब असता तर पीसी चालू असतानाही वेळ चुकली असती. तोवर विंडोजमध्ये इंटरनेटवरून वेळ जुळवत राहा, काम भागतं.”

वरच्या सल्ल्यातल्या मधल्या वाक्यापासून सुरुवात करतो, कारण बाकीचं त्यावरच उभं आहे आणि ते साफ चूक आहे. भिंतीवरचं बटण चालू असेल तोवर, पीसी शटडाउन असला तरी, पीसीला वीज पुरवणारा एसएमपीएस ५ व्होल्टचा स्टँडबाय पुरवठा देत राहतो आणि बोर्डावरचं घड्याळ त्यावर चालतं. बटण बंद केलं की मग सगळी भिस्त बोर्डावरच्या गोल सीआर२०३२ सेलवर. म्हणून दिवसभर वेळ बरोबर आणि सकाळी तारीख मागे, ही खूण सेलकडेच बोट दाखवते.

माझ्या मामांच्या दुकानातला जुना पीसी असाच होता. रात्री शटर ओढताना ते मेन स्विच पाडतात. सकाळी पडद्यावर `CMOS Checksum Error`, `F1` दाबलं की तारीख काही वर्षं मागे, आणि विंडोज सुरू होताना निळ्या पडद्यावर `INACCESSIBLE_BOOT_DEVICE`. एका दुरुस्तीवाल्याने बोर्ड बदला म्हणून सांगितलं. मी प्लग काढून सेल बाहेर घेतला, मीटर लावला: २.२ व्होल्ट. नवा सेल ३ व्होल्टच्या वर दाखवतो. सेल बदलला, तारीख भरली, आणि बायोसमधला, हार्ड डिस्कशी कसं बोलायचं ते ठरवणारा साटा मोड `IDE` वर पडला होता तो परत `AHCI` केला. विंडोज सुरू झालं. हार्ड डिस्कला काहीच झालं नव्हतं, फॉरमॅट केलं असतं तर हिशेब फुकट गेले असते.

इंटरनेटवरून वेळ जुळवली तरी साटा मोड परत येत नाही. ते विंडोज सुरू व्हायच्या आधीचं दुखणं. शिवाय तारीख वर्षानुवर्षं मागे असली की ब्राउझर `NET::ERR_CERT_DATE_INVALID` म्हणत बँकेची साइट अडवतो.

नव्या यूईएफआय बोर्डांवर बरंचसं सेटिंग फ्लॅश मेमरीत राहतं, तिथे अनेकदा फक्त वेळच जाते. आणि फरक नेमका साडेपाच तासांचा असेल, पीसीवर लिनक्सही असेल, तर सेल काढू नका: लिनक्स बोर्डाच्या घड्याळात यूटीसी, म्हणजे भारताच्या साडेपाच तास मागची वेळ ठेवतो, विंडोज तीच भारतीय वेळ समजतं.

बोर्डावर संशय घ्यायची जागाही आहे. नवा, चांगल्या दर्जाचा सेल काही आठवड्यांत उतरला, तर बोर्ड कुठेतरी करंट खातोय. त्याआधी बायोसचं सेटिंग पुसायचा क्लिअर-सीमॉसचा जंपर चुकीच्या पिनांवर राहिलाय का ते बघा.

लॅपटॉपवाल्यांनी सेल विकत घेण्याआधी जुना उघडून पाहावा. काहींत तो वायर-कनेक्टरसह येतो, काहींत चार्ज होणारा असतो. चार्ज होणाऱ्याच्या जागी साधा सीआर बसवू नये, तो फुगू किंवा गळू शकतो. विंडोजचं डिस्कला कुलूप लावणारं बिटलॉकर चालू असेल तर सेल काढायच्या आधी रिकव्हरी की लिहून ठेवा.