राखीव दिवस नेमके कुठे ठेवायचे

«सर, राखीव दिवस दाखवले की देणगीदाराला तो ढिलेपणा वाटतो. आमच्या वाचनालयाच्या छपराचं वेळापत्रक दोन ओळींत होतं: एप्रिलात सुरू, मेअखेर पूर्ण. तुमचा तो पट्ट्यांचा गँट चार्ट म्हणजे नुसता देखावा.»

पट्ट्या नुसत्या रंगवल्या तर देखावाच, हे मान्य. म्हणून तुमचंच छप्पर घेऊ. दिवसांचे आकडे माझ्या अंदाजाचे आहेत, रविवार धरून. तुमचे घालून बघा.

पंचायतीची परवानगी 21 दिवस, कौलं उतरवायला 4, वासे-रीप बदलायला 10, कौलं परत चढवायला 6. यातलं प्रत्येक काम आधीच्यावर अडलेलं आहे. 1 एप्रिलला अर्ज दिला तर 11 मेला छप्पर बंद होतं. लाकूड आणून रंधून घ्यायला 14 दिवस लागतात, पण ते परवानगीची वाट बघत असतानाच उरकतं. म्हणजे लाकूड आठवडाभर उशिरा आलं तरी काही बिघडत नाही. परवानगी मात्र एक दिवस लांबली की सगळंच एक दिवस पुढे. तक्त्यातल्या पट्ट्यांमधले बाण हेच दाखवतात, आणि तुमच्या दोन ओळींत नेमकं तेच दिसत नाही.

आता राखीव दिवस. ढिलेपणाचा संशय येतो तो प्रत्येक कामात दोन-दोन दिवस लपवले की. माझ्या पहिल्या प्रस्तावात मी तेच केलं होतं. सुताराला दहाऐवजी चौदा दिवस दिले, त्याने चौदाही घेतले (मीही घेतले असते!), आणि पुढे खरी अडचण आली तेव्हा हातात काहीच उरलं नव्हतं. म्हणून कामांचे दिवस खरे लिहा आणि राखीव दिवस साखळीच्या शेवटी, वेगळ्या रंगाची एकच पट्टी करून ठेवा. आपल्याकडे पाऊस जूनच्या पहिल्या आठवड्यात लागतो आणि वळीव त्याआधीच येऊन जातो, तेव्हा छपरासाठी मेअखेर उशिराच. 25 मे ही हद्द धरा. 12 ते 25 मे, हे 14 दिवस राखीव.

त्या पट्टीतून किती दिवस गेले, हे दर आठवड्याला बघायचं. परवानगी 28 एप्रिलला आली तर निम्मे गेले. 29ला कौलं उतरवली तर छप्पर 18 मेला बंद होतं आणि सात दिवस हातात राहतात. त्याहून उशीर झाला तर मी छप्पर उघडणार नाही. उघड्या वाशांखाली पुस्तकं ठेवून आभाळाकडे कोण बघत बसणार? तक्त्याखाली सरळ लिहा: «28 एप्रिलपर्यंत परवानगी न मिळाल्यास छप्पर यंदा ताडपत्रीने झाकू आणि काम नोव्हेंबरात घेऊ.» ताडपत्रीचा खर्चही अंदाजपत्रकात धरा.

तक्त्याला सॉफ्टवेअर लागत नाही. आठवड्याचा एक असे आठ रकाने वहीत आखले तरी पुरे.