विचारल्याने कुणाच्या डोक्यात मरण येत नाही

ग्रुपवर फिरणारा एक मेसेज म्हणतो: "जीव द्यायचा असतो तो सांगत बसत नाही, बोलणारे कधी करत नाहीत. आणि 'मरावंसं वाटतंय का' असं चुकूनही विचारू नका, नसलेलं डोक्यात घालाल. दवाखान्यात नेलं की पोलिस केस होते, वर वेडेपणाचा शिक्का बसतो. घरच्या घरी समजूत काढा, शपथ घाला, कामात गुंतवा. सगळ्या ग्रुपवर पाठवा."

आधी बोलणाऱ्यांचं. जीव दिलेल्या अनेकांनी आधी कुणाला तरी सुचवलेलं असतं, फक्त सरळ शब्दांत नाही. "मी नसलो की तुमचं ओझं कमी होईल", "झोपलो की उठूच नये असं वाटतं", अशी ती वाक्यं असतात. माणसाला त्या घडीला मरायचंही असतं आणि कुणीतरी अडवावं असंही वाटत असतं, म्हणून तो अर्धवट बोलतो. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहणारा एक मुलगा समजा. एमपीएससीचा निकाल पुन्हा हुकलाय, आठवडाभर मेसला गेलेला नाही, रात्रभर जागा असतो. रूम पार्टनरला म्हणतो, "माझी पुस्तकं तूच घे, मला आता लागणार नाहीत." याचा अर्थ तो अभ्यास सोडून गावी चाललाय, एवढाच असू शकतो. नसूही शकतो. बाहेरून ओळखायचा उपाय नाही, आणि त्याला डिप्रेशन आहे की नाही हे ठरवणं पार्टनरचं कामही नाही. त्याने फक्त विचारायचं.

विचारण्याची भीती अनाठायी आहे, आणि हे तपासून झालेलं आहे. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या 6 शाळांमधल्या दोन हजारांवर मुलांचे दोन गट केले होते. एका गटाला प्रश्नावलीत आत्महत्येबद्दल थेट विचारलं, दुसऱ्याला नाही. दोन दिवसांनी दोघांनाही विचारलं, तेव्हा आधी प्रश्न ऐकलेल्या मुलांत असे विचार किंवा अस्वस्थता जास्त आढळली नाही. 2005 साली हे प्रसिद्ध झालं. आधीच खचलेल्या मुलांचा त्रास तर उलट थोडा कमी दिसला.

चूक होते ती विचारण्याच्या पद्धतीत. आपल्याकडचा नेहमीचा प्रश्न असा: "तसलं काही वेडंवाकडं डोक्यात नाही ना रे?" यात उत्तर आधीच भरवलेलं आहे. समोरचा "छे, काहीतरीच काय" म्हणतो, दोघंही सुटतात आणि विषय कायमचा बंद होतो. पार्टनरने दार लावून, मोबाइल बाजूला ठेवून, त्याच्या शेजारी बसून म्हणावं: "तू पुस्तकं घे म्हणालास. जेवत नाहीस, झोपत नाहीस. इतका त्रास झाला की काहींना जीव द्यावासा वाटतो. तुला तसं वाटतंय का?" मग गप्प बसावं. ती शांतता अर्धा मिनिट चालली तरी मध्येच बोलून मोडू नये.

तो "हो" म्हणाला, तर पुढचे प्रश्नही तितकेच सरळ: कसं करायचं ते ठरवलंयस का? कधी? त्यासाठी लागणारं काही जवळ आहे का? याआधी कधी प्रयत्न केला होतास का? "कधी कधी वाटतं, पण करणार नाही" असं उत्तर असेल, तर एक-दोन दिवसांत डॉक्टर गाठायचा, तोवर रोज भेटायचं आणि हेच पुन्हा विचारायचं. मार्ग ठरलाय, वेळ ठरलीय, वस्तू हाताशी आहे, असं असेल तर थांबायचं नाही. त्याला एक मिनिटही एकटं सोडायचं नाही, 112 किंवा 108 ला फोन करायचा, किंवा त्याला घेऊन जवळच्या मोठ्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत जायचं. "कुणाला सांगू नकोस" हे वचन मात्र देऊ नये. "तुझ्या जिवाचा प्रश्न आहे, मी एकटा सांभाळणार नाही, पण सांगायचं कुणाला ते आपण दोघं मिळून ठरवू" असं म्हणता येतं.

हाताशी असलेली वस्तू दूर नेणं लोकांना वरवरचं वाटतं. "ज्याला करायचंय तो दुसरा मार्ग शोधेल," म्हणतात. पण तीव्र ऊर्मी बऱ्याचदा काही तासांत ओसरते, आणि त्या तासांत हाताला काय लागतं यावर खूप काही ठरतं. श्रीलंकेने 1990 च्या दशकापासून अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आणली आणि पुढच्या दोन दशकांत तिथलं आत्महत्यांचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं. शेतीघरात याचा अर्थ सरळ आहे: फवारणीची औषधं शेजारच्या किंवा भावाच्या कुलपात आणि किल्ली त्याच्याकडे. शहरात घरातल्या गोळ्या एकाने ताब्यात ठेवायच्या आणि त्या-त्या वेळेच्या तेवढ्याच द्यायच्या.

पोलिसांचं काय? नुसते विचार येणं किंवा ते डॉक्टरला सांगणं हा गुन्हा कधीच नव्हता. प्रयत्न करणं जुन्या दंडसंहितेच्या कलम 309 खाली गुन्हा होता. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 साली झाला आणि पुढच्या वर्षी लागू झाला. त्याच्या कलम 115 ने प्रयत्न करणारा तीव्र ताणाखाली होता असं गृहीत धरायला सांगितलं आणि त्याच्या उपचारांची जबाबदारी सरकारवर टाकली. 1 जुलै 2024 पासूनच्या भारतीय न्याय संहितेत 309 सारखं सरसकट कलमच नाही. सरकारी कर्मचाऱ्याला कामात अडवण्यासाठी किंवा एखादं काम करायला भाग पाडण्यासाठी असा प्रयत्न केला, तर कलम 226 लागतं, तेवढंच. हो, प्रत्यक्ष प्रयत्न झाला असेल तर रुग्णालय एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची वैद्यकीय-कायदेशीर नोंद, करतं आणि पोलिस जबाब घ्यायला येऊ शकतात. ती नोंद आहे, गुन्हेगार ठरवणं नव्हे. तिच्या धास्तीने घरीच उलट्या करवत बसणं आणि मौल्यवान तास घालवणं, हे खरं घातक.

शिक्क्याबद्दल थोडक्यात. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानेच उपचारांची माहिती गोपनीय ठेवणं बंधनकारक केलंय आणि विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखाच विमा द्यावा असं म्हटलंय. मानसिक आजाराचं निदान झालं एवढ्यावरून कुणी कायद्याच्या नजरेत विकल मनाचा ठरत नाही, ते न्यायालयानेच ठरवावं लागतं. नातेवाइकांच्या जिभेला मात्र कायद्याचा लगाम नाही, तिथे किती सांगायचं ते आपल्या हातात.

उरली समजूत आणि शपथ. "लेकरांकडे बघ", "तुला माझी शपथ" हे प्रेमानेच म्हटलं जातं. पण आपण ओझं झालोय असं ज्याला वाटतंय, त्याच्यावर त्याने अपराधाचं आणखी एक ओझं चढतं, आणि पुढच्या वेळी तो शपथ मोडल्याच्या लाजेने बोलत नाही. लेखी वचन घेतल्याने जीव वाचतो याला पुरावा नाही. काम लावणं वाईट नाही, पण ते उपचाराच्या सोबत, त्याच्या जागी नाही.

मदत कुठे मिळते? टेली-मानस, क्रमांक 14416, दिवसरात्र आणि मोफत. केंद्र सरकारने ऑक्टोबर 2022 मध्ये ही सेवा सुरू केली. भाषा निवडताना मराठी मिळते, आधी समुपदेशक बोलतो, गरज वाटली तर तज्ज्ञाकडे जोडून देतो. रूम पार्टनर, आई, वहिनी, कुणीही "मी काय करू" हे विचारायला फोन करू शकतं. जिल्हा रुग्णालयातल्या मनोविकार ओपीडीत किंवा सरकारी मेडिकल कॉलेजात केसपेपर काढून दाखवता येतं. गोव्यात बांबोळीला मानसोपचार संस्था आहे. जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्या, जुने कागद आणि एक चिठ्ठी न्यावी: झोप किती, जेवण किती, तो नेमकं काय आणि कधी म्हणाला. "मरायचं बोलतो" हे वाक्य डॉक्टरसमोर गिळू नये. लाजेने "झोप येत नाही" एवढंच सांगितलं, तर उपचारही तेवढ्याचेच होतात.

रुग्णालयातून घरी आल्यानंतरचे पहिले काही आठवडे सगळ्यात धोक्याचे असतात, नेमके तेव्हाच घरचे निर्धास्त होतात. डिस्चार्ज घेतानाच पुढच्या तपासणीची तारीख लिहून घ्यावी, शक्यतो त्याच आठवड्यातली, आणि सोबत कोण जाणार तेही तिथेच ठरवावं.